७५० वॉट म्हणजे नेमके काय? मिक्सरची माहिती कशी वाचावी

आजचा विषय मिक्सर ग्राइंडर. ऑनलाइन दुकानात मिक्सर शोधायला गेलात की प्रत्येक यंत्राखाली एक यादी दिसते. त्या यादीत मोठे आकडे असतात, चकचकीत भांडी असतात आणि 'हळदसुद्धा वाटतो' असे एखादे छातीठोक वाक्य असते. त्या यादीतल्या कुठल्या ओळीला किती किंमत द्यायची, एवढेच आज बघायचे आहे.

सैन्यात माझी नोकरी ईएमईमध्ये झाली. गाड्या, जनरेटर आणि इतर यंत्रसामग्री चालू ठेवणारी ही शाखा. तिथे पहिल्या दिवसापासून एक सवय लागते. यंत्र हाती आले की आधी त्याच्यावरची पत्र्याची पाटी वाचायची. ते किती ताकदीचे आहे हे त्या पाटीवर असते, पण सलग किती वेळ चालवायचे हेही असते. बहुतेक यंत्रे ताकद कमी पडली म्हणून मरत नाहीत, दुसरी ओळ कोणी वाचली नाही म्हणून मरतात. मिक्सरचेही तसेच आहे.

माझी भाची बंगळुरूला असते. घरात चार माणसे. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. "मामा, मिक्सर घ्यायचाय. पाचशे वॉटचा घेऊ, साडेसातशेचा, की सरळ हजारचा? हजारवाला जास्त टिकेल ना?" मी तिला म्हटले, "आधी मला सांग, आठवड्याभरात तू त्यात काय काय वाटणार?" तिने सांगितलेली कामे अशी: रोजची ओल्या खोबऱ्याची चटणी, दोन दिवसांआड शेंगदाण्याचे कूट, आठवड्यातून दोनदा डोशाचे पीठ, महिन्यातून एकदा घरचा मसाला आणि वर्षाची हळद. आपण हीच पाच कामे समोर ठेवून यादी वाचू.

वॉटचा आकडा

यादीत सगळ्यात वर वॉट असतात. हा आकडा मोटर विजेच्या तारेतून किती शक्ती घेते ते सांगतो. त्यातली काही शक्ती पात्याला मिळते आणि बरीचशी उष्णता होऊन मोटरमध्येच राहते. म्हणून दोन साडेसातशेवाल्या मिक्सरांचे काम सारखे असेलच असे नाही.

एक उदाहरण बघा. दक्षिणेत घरोघरी दगडी वेट ग्राइंडर असतो. त्यासाठी कोइमतूर प्रसिद्ध आहे. दोन लिटरच्या टेबलावरच्या ग्राइंडरची मोटर साधारण १५० वॉटची असते, म्हणजे मिक्सरच्या पाचव्या हिश्शाची. तरी तो अर्धा तास सलग उडीद डाळ वाटतो आणि पीठ मिक्सरपेक्षा हलके फुलते. कारण तिथे दगड सावकाश फिरतो आणि डाळ रगडली जाते. मिक्सरचे पाते रिकामे फिरताना मिनिटाला साधारण १८,००० ते २०,००० फेरे घेते आणि पदार्थ कापत सुटते. त्या वेगासाठी शक्ती जास्त लागते आणि उष्णताही जास्त निघते. म्हणून वॉटवरून यंत्राची भूक कळते, काम किती चांगले होईल ते कळत नाही.

विजेच्या बिलाची काळजी मात्र करू नका. साडेसातशे वॉटचा मिक्सर पूर्ण भाराने आठ मिनिटे चालला तर एका युनिटचा दहावा भाग जळतो. हजारचा घेतला तरी फरक किरकोळ आहे. त्यामुळे 'कमी वॉट म्हणजे बचत' हा हिशेब मिक्सरला लागू नाही.

मग आकड्याचा उपयोग कशाला? भार किती झेपेल याचा ढोबळ अंदाज यायला. चटणी, कूट, थोडासा मसाला एवढेच काम असेल तर ५०० वॉट पुरतात. चार माणसांचे डोशाचे पीठ नेहमी होणार असेल तर ७५० घ्यावा. हजारचा मिक्सर मोठ्या कुटुंबाला, किंवा ज्यांच्याकडे रोज भरपूर वाटण असते त्यांना ठीक आहे. तो जड असतो, बहुधा आवाजही जास्त करतो. आणि लहान भांड्यात वाटीभर चटणी वाटताना जादा अडीचशे वॉटचा काडीचा उपयोग होत नाही.

खरी ओळ खाली असते

यादी खाली सरकवत जा. कुठेतरी 'मोटर रेटिंग ३० मिनिटे' अशी ओळ सापडेल. कधी तिच्यापुढे '५ मिनिटे चालू, २ मिनिटे बंद' असेही लिहिलेले असते. ही दुसरी ओळ, जिच्याबद्दल मी सुरुवातीला बोललो. अर्थ असा की ही मोटर सलग चालवण्यासाठी बनवलेलीच नाही. तिने थोडे काम करायचे, विसावा घ्यायचा, पुन्हा काम करायचे आणि एकूण वेळ ठरलेल्या मर्यादेत ठेवायचा. नेमके वेळापत्रक खोक्यातल्या माहितीपुस्तिकेत असते. काही यंत्रांना कोरड्या वाटणासाठी यापेक्षा कमी वेळ दिलेला असतो. ते पान फाडून फ्रीजच्या दारावर लावा, पुस्तिका मग खुशाल माळ्यावर टाका.

हा विसावा का लागतो ते समजून घ्या. मिक्सरच्या मोटरच्या दांड्यावरच खाली एक छोटा पंखा बसवलेला असतो. मोटर फिरली की पंखा फिरतो आणि खालच्या जाळीतून हवा ओढून मोटर गार ठेवतो. आता भांडे गच्च भरले आणि घट्ट पीठ पात्याला अडवू लागले की मोटरचा वेग उतरतो. वेग उतरला की ती जास्त वीज ओढते आणि जास्त तापते. पण त्याच वेळी पंखाही मंदावलेला असतो. गारव्याची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच गारवा कमी पडतो. मोटर जळते ती अशी.

यातून दोन गोष्टी निघतात. मिक्सर फडक्यावर किंवा टर्किश टॉवेलवर ठेवून चालवू नका, खालची जाळी बंद होते. आणि घट्ट वाटण एक नंबरच्या वेगावर फार वेळ रेटू नका. एक नंबर सुरुवातीला पदार्थ फोडण्यापुरता असतो. तो फुटला की वेग वाढवा.

मोटर अडचणीत आहे हे कळायला कुठले मीटर लागत नाही, कान पुरतो. वाटण चालू असताना आवाज खाली बसला, जड झाला, घुरघुरला, म्हणजे भार जास्त झाला. लगेच बंद करा आणि अर्धे वाटण काढून घ्या. उलट आवाज एकदम वर चढला, सणसणीत झाला, म्हणजे पात्याभोवती हवेची पोकळी झाली आहे. पाते रिकामेच फिरते आहे आणि वाटण भिंतींना चिकटून बसले आहे. तिथे आणखी वेळ चालवून उपयोग नाही. बंद करा, चमच्याने कडा सोडवा, चमचाभर पाणी घाला आणि पुन्हा फिरवा. या दोन आवाजांतला फरक ओळखता आला की मिक्सर कितीही वॉटचा असो, तो टिकतो.

यादीत 'ओव्हरलोड प्रोटेक्शन' असेल तर चांगलेच. बहुतेक मिक्सरच्या तळाशी एक छोटे बटण असते, पुष्कळदा लाल रंगाचे. मोटरवर ताण आला की ते बाहेर येते आणि वीज तोडते. असे झाले तर कळ शून्यावर आणा, प्लग काढा, पाच-दहा मिनिटे यंत्र गार होऊ द्या, वाटण कमी करा आणि मग बटण आत दाबा. लगेच दाबून तेवढाच भार पुन्हा चालवला तर त्या बटणाने दिलेला इशारा वाया गेला. नव्या मिक्सरला पहिल्या एक-दोन वेळा वार्निशचा हलका वास येतो, त्याला घाबरू नका. जुन्या मिक्सरला जळका वास येत असेल तर मात्र तो पुढे चालवू नका.

'शंभर टक्के कॉपर' ही ओळ मोटरच्या आतल्या गुंडाळीबद्दल आहे. तांबे अॅल्युमिनियमपेक्षा वीज सहज वाहू देते आणि तेवढ्याच जाडीच्या तारेत कमी तापते. म्हणून ही ओळ असावी. पण भार बेताचा न ठेवणाऱ्याचे तांबेही जळते.

भांडी: लिटर पुरे धरू नका

बहुतेक यंत्रांबरोबर तीन भांडी येतात. दीड लिटरचे मोठे, ओल्या वाटणासाठी. एक लिटरच्या आसपासचे मधले, कोरड्यासाठी. आणि तीनशे ते चारशे मिलिलिटरचे छोटे, चटणीसाठी. काहींत फळांच्या रसासाठी जाळीचे चौथे भांडे असते. रस रोज काढत नसाल तर ते वर्षभर कपाटातच बसते.

यादीतले लिटर बहुधा काठोकाठचे असतात. काम करताना ओल्या वाटणासाठी भांडे अर्धे ते फार तर दोन तृतीयांश भरायचे, कोरड्यासाठी अर्ध्याच्या खालीच. म्हणजे दीड लिटरच्या भांड्यात एका वेळी पाऊण ते एक लिटर वाटण, एवढेच गृहीत धरा.

जास्त भरणे जसे वाईट तसे कमी भरणेही. मोठ्या भांड्यात चार मिरच्या आणि मूठभर खोबरे टाकले तर पाते ते सगळे भिंतीवर फेकते आणि स्वतः मोकळे फिरत राहते. पाते पदार्थाखाली झाकलेले असेल तरच वाटण खाली येत राहते. म्हणून छोटे भांडे महत्त्वाचे. आपल्या मराठी घरात रोज वापरात तेच येते. खरेदी करताना त्याचा आकार, त्याला मूठ आहे का आणि झाकण घट्ट बसते का, हे मोठ्या भांड्याच्या आधी बघा.

भांड्याच्या आतल्या बाजूला उभ्या पन्हळी किंवा उंचवटे असतील तर ती शोभा नाही. गोल गोल फिरणारे पातळ वाटण त्यांच्यावर आपटून पुन्हा पात्याकडे वळते. ओल्या भांड्याला त्या असाव्यात.

पाती: फोटो वरून बघा

भांड्याच्या आतला, वरून काढलेला फोटो दुकानाच्या पानावर शोधा. ओल्या भांड्याच्या पात्याला साधारणपणे चार हात असतात, काही वर वळलेले आणि काही खाली. वरचे हात वाटण वर उचलून फिरवतात, खालचे तळाचे कापतात. कोरड्या भांड्याचे पाते तळाला लागून, बसके असते. कारण जिरे-धणे जड असल्यामुळे तळाशी बसतात. पाते उंच असेल तर दाणे त्याच्याखाली जाऊन बसतात आणि तुम्ही कितीही फिरवा, अख्खे जिरे तसेच राहते. तिन्ही भांड्यांत एकसारखेच पाते दिसत असेल तर कोरड्या मसाल्याची अपेक्षा जरा कमी ठेवा.

पाते बोथट झाले हे वेळेवरून कळते. जे कूट पूर्वी पाच झटक्यांत व्हायचे त्याला दहा लागू लागले की पाते बदलायची वेळ झाली. भांड्याच्या तळातून काळसर पाणी गळू लागले किंवा चटणीत काळा ठिपका दिसला, तर पात्याच्या दांड्याचा बुश आणि वायसर झिजले आहेत. ते भांडे दुरुस्त होईपर्यंत वापरू नका, ती झीज तुमच्या जेवणात जाते. दुरुस्ती स्वस्तात होते, नवे भांडे घ्यावे लागत नाही. भांडे रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची सवय असेल तर ती सोडा, बुशाची वाट त्यानेच लागते. भांड्यात पाणी आणि साबणाचा थेंब घालून दहा सेकंद फिरवले की ते स्वच्छ होते.

आता पाच कामे

भाचीची पाच कामे या यादीला लावून बघू.

चटणी: छोटे भांडे. आधी डाळे, मिरची, मीठ कोरडेच दोन झटके फिरवायचे, मग खोबरे, मग थोडे पाणी. एका मिनिटात होते. कुठलाही मिक्सर हे काम करतो.

शेंगदाण्याचे कूट: मधले भांडे, अर्ध्याच्या खाली दाणे, आणि दाणे पूर्ण गार झालेले. कळ उलट बाजूला, 'पल्स' किंवा 'इंचर' लिहिले असते तिकडे, वळवून दोन-दोन सेकंदांचे झटके द्यायचे. मधे एकदा भांडे हलवायचे. सलग फिरवले किंवा दाणे गरम असले की तेल सुटते आणि कुटाचा गोळा होतो.

डोशाचे पीठ: इथे खरी परीक्षा. तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी उडीद डाळ, म्हणजे साधारण ६०० आणि २०० ग्रॅम, पाच-सहा तास भिजवलेले. डाळ भिजून दुपटीहून जास्त होते. डाळ एकाच घाण्यात, फ्रीजमधले गार पाणी थोडे थोडे घालत, दीड मिनिट वाटायची. दोन मिनिटे थांबायचे, कडा सोडवायच्या, पुन्हा दीड मिनिट. तांदूळ तीन घाण्यांत, प्रत्येक घाणा सव्वा ते दीड मिनिट, मधे दोन-दोन मिनिटे विसावा. मोटर चालली ती सात-आठ मिनिटे. घड्याळात वीस मिनिटे गेली. गार पाण्याचे कारण असे की मिक्सरच्या वेगाने पीठ तापते, आणि तापलेले पीठ नीट फुगत नाही. भांड्याला हात लावून बघा, ते कोमटापेक्षा गरम लागले तर विसावा वाढवा. हे काम ७५० वॉटचा मिक्सर वर्षानुवर्षे करेल. भाची मात्र आठवड्यातून दोनदाऐवजी रोज पीठ वाटणार असती, तर मी तिला साधा ५०० वॉटचा मिक्सर आणि सोबत दगडी ग्राइंडर घे, असे सांगितले असते.

घरचा मसाला: भाजलेला मसाला गार करून, एका वेळी मूठ-दीड मूठ, वीस-तीस सेकंद फिरवायचा, थांबायचे, पुन्हा फिरवायचा. पाव किलो मसाल्याला पाच-सहा घाणे होतात. चाळून उरलेला जाडा भाग पुढच्या घाण्यात टाकायचा. पाव किलोपर्यंत मिक्सर ठीक. वर्षाचा दोन-तीन किलो मसाला डंकावर किंवा गिरणीतच न्यावा.

हळद: यादीत 'हळद वाटतो' असले तरी अख्खे हळकुंड टाकू नका. वाळलेले हळकुंड खड्यासारखे कडक असते. ते पात्यावर आपटते तो प्रत्येक हिसका पाते आणि खालच्या कपलरला बसतो. कपलर म्हणजे भांडे आणि मोटर जोडणारी, बहुधा प्लास्टिकची चकती. अती ताण आला की आधी ती तुटते, आणि मोटरच्या दृष्टीने ते बरेच आहे. पावशेर हळद हवी असेल तर हळकुंड खलबत्त्यात हरभऱ्याएवढे फोडून, अर्धी वाटी एका वेळी, झटक्याझटक्याने वाटा. वर्षाची हळद गिरणीत.

दोन कामे यादीत नव्हती, पण सांगतो. पुरण मिक्सरमध्ये वाटू नका. ते घट्ट आणि चिकट असते, मोटरचा आवाज लगेच बसतो. पुरणयंत्र त्यासाठीच आहे. आणि गरम पदार्थ, म्हणजे उकळते सूप, वाफाळता टोमॅटो-कांदा, बंद भांड्यात फिरवू नका. पाते फिरताच आत एकदम वाफ होते, झाकण उडते आणि उकळता रस तोंडावर आणि हातावर येतो. पदार्थ कोमट होऊ द्या, भांडे अर्ध्याच्या खाली भरा आणि झाकणावर हात ठेवूनच कळ फिरवा. भांड्यात बोट किंवा चमचा घालायच्या आधी प्लग काढा. फक्त कळ शून्यावर आणणे पुरेसे नाही, कोणाचा तरी धक्का लागतोच.

वॉरंटीची ओळ

यादीच्या शेवटी 'यंत्रावर दोन वर्षे, मोटरवर पाच वर्षे' अशा धर्तीचे काहीतरी असते. मोटरच्या वॉरंटीत कपलर, भांड्याचे बुश, वायसर, कार्बन ब्रश हे झिजणारे भाग बहुधा नसतात. आणि नेमके तेच भाग बदलावे लागतात. म्हणून तुमच्या गावात त्या कंपनीचे सेवा केंद्र आहे का, आणि तुमच्या मॉडेलचे कपलर व वायसर मिळतात का, हे खरेदीच्या आधी एक फोन करून विचारा. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, कुठेही असा, हा फोन शंभर जादा वॉटपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

भाचीने ७५० वॉटचा, तीन भांड्यांचा, कोरड्या भांड्यात बसके पाते असलेला मिक्सर घेतला. सेवा केंद्र तिच्या घरापासून दोन किलोमीटरवर आहे. हळद ती गिरणीतून आणते.